गाडीच्या पाठीवरची एक ओळ: तुमच्या लक्षात राहिलेली कुठली?

चरईची_लेक
काल कापूरबावडीला नेहमीसारखं सगळं ठप्प होतं. पुढे एक टेम्पो, आणि त्याच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात ‘पाहतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’. टेम्पो जागचा हलत नव्हता हो! मी आणि बाजूचा दुचाकीवाला एकदमच हसलो. ओळख ना पाळख.

माझा मामा जुन्नरहून कांदा घेऊन तुर्भ्याच्या मार्केटला यायचा. त्याच्या ट्रकमागे ‘माल तुमचा, घाम आमचा’ असं लिहिलेलं. मी अक्षरं जुळवून वाचायला शिकत होते तेव्हा शाळेच्या पुस्तकाआधी मला ही ओळ पाठ झाली. आजही मामा म्हटलं की आधी ती ओळ आठवते, मग चेहरा. चार शब्दांत असं काय असतं? तुमच्याकडच्या ओळी लिहा, आणि त्या डोक्यात का बसल्या तेही लिहा.

घोडबंदर_त्रस्त
वाघानं!! आमच्या मानपाड्याला एका रिक्षेवर आहे ‘आईची कृपा, बँकेचा हप्ता’. रोज दिसते. ज्याने लिहिलंय त्याला एकदा चहा पाजायचाय.

सानपाडा_संध्या
रिक्षेवर विनोद लिहितात ते ठीक, पण जवळचं भाडं म्हटलं की मान फिरवतात त्याचं काय? काल आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं, तीन जण नाही म्हणाले.

घोडबंदर_त्रस्त
संध्याताई, काकूंची तब्येत कशी आहे आता?

सानपाडा_संध्या
बरी आहे, गुडघा आहे. थँक्यू.

ऐरोली_नितीन
साधं आहे. हल्ली मोबाइलमुळे कुणाला लांब वाचायची सवय उरली नाही, म्हणून छोट्या ओळी चालतात.

चरईची_लेक
नितीनदादा, मामाचा ट्रक मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. तेव्हाही ओळी एवढ्याच असायच्या.

कळंबोलीचा_ब्रश
ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. वडिलांनी आयुष्यभर कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या आसपास ट्रक आणि टेम्पो रंगवले, मी त्यांच्या हाताखाली होतो. ओळ छोटी का, याचं पहिलं उत्तर फाळक्यावर टेप लावली की मिळतं.

एक उदाहरण सांगतो. एका टेम्पोमालकाला लिहून हवं होतं: ‘माझ्या प्रगतीवर जळणाऱ्यांनो देव तुमचं भलं करो’. नंबरप्लेट, दिवे, कडी आणि पासिंगला लागणारी लाल रेडियमची पट्टी सोडून वडिलांना रुंदीत मोकळी जागा मिळाली साधारण ५ फूट, म्हणजे ६० इंच. त्याच्या ओळीत अक्षरं २१ आणि शब्दांमधल्या रिकाम्या जागा ६. भागाकार केला तर एका अक्षराला जेमतेम २ इंच. आमच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा की १ इंचाचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे ही ओळ वाचायला मागच्याने २० फुटांवर यायचं. ताशी ३० च्या वेगात २० फूट म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही. वडील मालकाला म्हणाले, तुझी ओळ वाचणारा तुझ्या फाळक्यावरच येऊन आदळेल.

त्यात ‘जळणाऱ्यांनो’. एवढ्या बारीक अक्षरात ‘ऱ्यां’ लिहिलं की ब्रशचा रंग आतल्या फटीत भरतो आणि लांबून नुसता ठिपका दिसतो. खाली उकार, वर मात्रा आणि अनुस्वार यांना वेगळी उंची लागते. ४ इंचाचं अक्षर म्हटलं तरी पट्टी ६-७ इंचाची धरावी लागते.

मग छाटणी सुरू झाली. ‘माझ्या प्रगतीवर’ गेलं, कारण गाडी समोर दिसतेच आहे, ती कुणाची ते सांगायची गरज काय. ‘देव भलं करो’ गेलं, ते सगळेच लिहितात. उरलं ‘जळा’. बराच वेळ नुसतं ‘जळा’ खडूने लिहून ठेवलं होतं. मग खाली आधीच रंगवलेल्या ‘अंतर ठेवा’कडे वडिलांचं लक्ष गेलं, आणि त्यांनी लिहिलं: ‘जळा, पण अंतर ठेवा’.

नऊ अक्षरं. ४ इंचाने लिहिली तरी ५ फुटांत आरामात बसली, ४० फुटांवरून वाचता यायची. मालक आधी नाराज होता, पैसे पूर्ण देऊन अक्षरं कमी का म्हणून. महिन्याभराने दुसरा टेम्पो घेऊन आला.

चरईची_लेक
काय सुंदर! ‘अंतर ठेवा’ आपण रोज वाचतो, म्हणून डोळा बेसावध असतो. आधी ‘जळा’ आलं की तेच दोन शब्द वेगळे लागतात.

घोडबंदर_त्रस्त
जळा पण अंतर ठेवा 😂😂 ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं.

डोंबिवली_टू_ठाणे
‘हॉर्न ओके प्लीज’ कुणी काढलं नाही अजून? ते दुसऱ्या महायुद्धातलं आहे. डिझेल मिळेना म्हणून ट्रक केरोसीनवर चालायचे, स्फोटाची भीती, म्हणून ‘ऑन केरोसीन’, त्याचं ओके. शंभर टक्के.

तुर्भे_गाळा
आमच्याकडे वेगळंच सांगतात. टाटांचा ओके नावाचा साबण होता, त्याची जाहिरात ट्रकवर रंगवायचे, तिथून ते राहिलं.

डोंबिवली_टू_ठाणे
साबणाचं मीही ऐकलंय, पण केरोसीनच खरं वाटतं.

कळंबोलीचा_ब्रश
आमच्याकडचे ड्रायव्हर तिसरंच सांगायचे, की मध्ये दिवा असायचा, मागच्याला पुढे जायची परवानगी द्यायला. ठाम कुणालाच सांगता येत नाही. पण २०१५ मध्ये महाराष्ट्रात परिवहन खात्याने ते लिहायला बंदी केली हे नक्की, विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून. तेव्हा बरेच फाळके रिकामे झाले आणि ‘मधल्या जागेत काय लिहू’ म्हणून लोक विचारायला यायचे.

वाशी_बाई_मास्तर
मी मराठी शिकवते, म्हणून एक शंका. ब्रशदादा, तुमच्या मालकाची ओळ २१ अक्षरांची, ती पडली. पण ताईंनी वर दिलेली वाघाची ओळ मोजून बघा. ‘पाहतोस काय रागानं’ ९, ‘ओव्हरटेक केलंय वाघानं’ ११, एकूण २०. जवळजवळ तेवढीच, तरी ती पोरासोरांच्या तोंडी आहे. मग नुसत्या लांबीवर कसं असेल?

मला वाटतं कान आधीच तयार असतो. आपल्याकडे उखाणा ऐकत मोठं होतो. पहिली ओळ ‘रागानं’वर थांबली की कान पुढच्या ‘-नं’ची वाट बघायला लागतो. वाघ अगदी शेवटी येतो, आणि तो आला की वाक्य तिथेच संपतं. ‘वाघानं ओव्हरटेक केलंय, रागानं काय पाहतोस’ असं म्हणून बघा. शब्द तेच, पण वाघ पहिल्याच घासात खर्च झाला.

शिवाय त्यात ‘तू’ आहे. वाचणारा खरंच मागे रागाने बघत बसलेला असतो. विनोदाचा अर्धा भाग रस्ता पुरवतो, म्हणून तेवढा लिहावा लागत नाही. घरी कागदावर वाचली तर हीच ओळ निम्मीच लागते.

कळंबोलीचा_ब्रश
बाई, पटलं. त्या ओळी आम्ही दोन फळ्यांवर फोडायचो, वर ‘रागानं’, खाली ‘वाघानं’. म्हणजे प्रत्येक फळीवर अक्षर मोठंच राहतं. फोड चुकीच्या ठिकाणी पडली तर मात्र सगळं गेलं. एका पोराने वरच्या फळीवर ‘पाहतोस काय रागानं ओव्हरटेक’ भरलं होतं आणि खाली उरलेलं. कुणी हसेना. वडिलांची परीक्षा अशी होती: ४० फूट मागे जाऊन डोळे किलकिले करायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचं. मी एका दमात वाचलं तर ठीक, मध्ये अडखळलो तर ओला रंग रॉकेलच्या फडक्याने पुसायचा.

ऐरोली_नितीन
पण सिग्नलला तर माणूस दोन दोन मिनिटं रिक्षेच्या मागे उभा असतो. तीन हात नाक्याला पूर्ण गोष्ट वाचून होईल. तिथे छोटी का लागते मग?

वाशी_बाई_मास्तर
हा प्रश्न चांगला आहे नितीन. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

कोपरी_स्टँड
मी रिक्षा चालवतो. रिक्षेवर अक्षरं बारीक चालतात, मागची गाडी चिकटूनच असते. काही जण हुडावर चार ओळींची शायरी रेडियमने कापून लावतात. लोक मोबाइलवर फोटो काढतात, पण दुसऱ्या दिवशी कुणाला सांगता येत नाही. माझ्यामागे ‘दादूस निघाला’ एवढंच आहे. गिऱ्हाईक फोनवर सांगतात, ती दादूसवाली रिक्षा बघ. तोंडी सांगता येते ती ओळ राहते, असा माझा अनुभव.

अजून एक. आमचं परमिट इथल्या भागापुरतं, म्हणून मराठी, आगरी चालतं. ‘दादूस’ कळव्यात कुणाला समजावायला नको. लांब पल्ल्याचा ट्रक चार राज्यांतून जातो, त्याला ‘बुरी नजर वाले’सारखी सगळीकडे चालणारी हिंदी लागते.

सानपाडा_संध्या
दादूस म्हणजे आगरी का तुम्ही? माझं माहेर दिवाळे गावात!

कोपरी_स्टँड
अरे वा. आम्ही गोठिवली. एकविरा आईला जाता का पालखीला?

सानपाडा_संध्या
दर वर्षी. आणि कोपरीवरून कधी आले तर तुम्ही नाही म्हणायचं नाही.

तुर्भे_गाळा
एक्सप्रेसवेवर सरकारी पाटी आहे ना, ‘अति घाई संकटात नेई’. आमच्या गाळ्यावरचे सगळे ड्रायव्हर ‘मसणात नेई’ म्हणतात. एकच शब्द बदलला. सरकारने लिहिलेली पण चालच अशी की तोंडात बसली, मग लोकांनी ती आपली केली.

खारेगाव_मम्मी
सगळं वाचलं नाही, भाजी फोडणीला आहे. आमचे हे स्कूल व्हॅन चालवतात. मागे लिहायला काहीतरी सुचवा ना. त्यांनी ठरवलंय ‘कृपया वाहन सावकाश चालवा, या गाडीमध्ये लहान मुले प्रवास करत आहेत’.

घोडबंदर_त्रस्त
‘ओव्हरटेक करा, पण आधी पाढे म्हणा’

वाशी_बाई_मास्तर
‘हळू या, आत तुमचीच पोरं आहेत.’ यात विनोद नाही, पण ‘तुमचीच’वर पाय ब्रेकवर जाईल.

कळंबोलीचा_ब्रश
बाईंची ओळ १४ अक्षरं. ‘हळू या’ काढलं तर ११ राहतात, आणि ते सांगायची गरजही नाही.

वाशी_बाई_मास्तर
नको, ‘हळू या’ राहू द्या. ते नसेल तर मागच्याला वाटेल तक्रार चाललीय. आधी बोलवायचं, मग सांगायचं.

कोपरी_स्टँड
मी पाढेवालीच्या बाजूने. पोरं आतून मागे बघून खरंच पाढे म्हणतील.

कळंबोलीचा_ब्रश
मम्मी, आधी हे सांगा: ‘स्कूल व्हॅन’ची पट्टी, नंबरप्लेट आणि मागची काच सोडून रुंदीत किती इंच उरतात? टेप लावून मोजा, मग दोन्ही ओळी खडूने लिहून बघू. काचेवर रेडियम लावू नका, आरशातून मागचं दिसायला हवं.

खारेगाव_मम्मी
हे पाचला येतील, मोजून सांगते.