२४ तासांच्या लघवीतला क्रिएटिनिन बघा

"२४ तासांच्या लघवीतलं प्रोटीन महिन्याभरात ९०० मिग्रॅवरून १२०० झालं, पण एसीआर, म्हणजे लघवीतला अल्ब्युमिन भागिले क्रिएटिनिन, जवळपास तेवढाच आहे. वजन ६० किलो, पुरुष. किडनी बिघडली का?"

लगेच घाबरू नका, आधी दोन्ही रिपोर्टमधली लघवी किती लिटर आणि तिच्यातला क्रिएटिनिन किती ते बघा. क्रिएटिनिन स्नायूंतून येतो, त्यामुळे एकाच माणसात तो रोज साधारण तेवढाच पडतो, पुरुषात किलोमागे २० ते २५ मिग्रॅ, वय झालं की कमी. समजा पहिल्यांदा लघवी १.५ लिटर होती आणि क्रिएटिनिन ८० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, तर १५ डेसिलिटर गुणिले ८० म्हणजे १२००, किलोमागे २०, ठीक. दुसऱ्यांदा क्रिएटिनिन तेवढाच ८०, पण लघवी २ लिटर असेल तर तो होतो १६००, किलोमागे जवळजवळ २७. एका महिन्यात स्नायू एवढे कुठून वाढणार! म्हणजे साधारण ८ तासांची लघवी जास्तीची आलीय, आणि प्रोटीन भागिले क्रिएटिनिन दोन्ही वेळा ०.७५ च येतं.

ही चूक मीही केलीये, सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचीही. पहिल्या दिवशीची टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची मात्र घ्यायची. उलट संडासच्या वेळची लघवी कॅनबाहेर गेली तर क्रिएटिनिन कमी भरतो आणि प्रोटीन खोटंच सुधारल्यासारखं दिसतं. एसीआरला या गोळा करण्याच्या गडबडीचा फरक पडत नाही, फक्त त्यात नुसता अल्ब्युमिन मोजतात, म्हणून त्याचा आकडा एकूण प्रोटीनशी थेट जुळवू नका.