ठेवींचे दर चुकतात: मॉडेल फाइन-ट्यून करायचं की सूचना सुधारायच्या?

डिचोलीकर: आमच्या पतसंस्थेत सभासदांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं लिहायला भाषा मॉडेल लावलंय. भाषा रुक्ष येते आणि ठेवींचे दर मधूनच चुकतात. जुनी चारेकशे पत्रं आहेत. त्यांच्यावर मॉडेल फाइन-ट्यून केलं, म्हणजे ती उदाहरणं देऊन आणखी शिकवलं, की दोन्ही सुटेल ना?

फोंडेकर: करून टाका. सूचना कितीही लिहा, लांबलचक झाल्या की एखादी निसटतेच. फाइन-ट्यूनिंगमध्ये वेट्सच, म्हणजे मॉडेलच्या आतले शिकलेले आकडेच बदलतात, त्यामुळे पत्राचं वळण अंगी मुरतं. दरही त्याच पत्रांतून शिकेल.

मडगाववाली: वळणाचं पटतं, दरांचं अजिबात नाही. एका पत्रात वर्षाच्या ठेवीला 7.5 टक्के असेल, दुसऱ्यात 8.25. त्या त्या वेळचं दरपत्रक सोबत नसेल, तर मॉडेल त्यातून एवढंच शिकतं की प्रश्न आला की ठामपणे एक आकडा सांगायचा. आज मधूनच चुकतंय, उद्या तेच छान मराठीत बेधडक चुकेल.

आधी चालू दरपत्रक प्रत्येक प्रश्नासोबत द्या आणि लिहा: 'दर फक्त या पत्रकातून घे, त्यात नसेल तर शाखेत चौकशी करायला सांग.' दर बदलला की नुसतं पत्रक बदलायचं. वेट्समध्ये मुरलेला दर असा पुसता येत नाही.

पेडण्याचे गुरुजी: मी निबंध तपासायला वापरतो. चूक दाखवली की लगेच सुधारतं. म्हणजे फाइन-ट्यूनिंग रोज होतच असतं की!

मडगाववाली: नाही गुरुजी. तुमची दुरुस्ती त्या संभाषणाच्या मजकुरात असते, म्हणून पुढचं उत्तर सुधारतं. वेट्स होते तसेच राहतात.

फोंडेकर: पण फाइन-ट्यून केलेलं मॉडेलही पत्रक वाचेलच ना?

मडगाववाली: तसं शिकवलं तर. ट्रेनिंगच्या प्रत्येक उदाहरणात प्रश्नासोबत त्या दिवशीचं पत्रक जोडा. काही उदाहरणांत विचारलेला दर पत्रकातून मुद्दाम गाळा आणि उत्तरात 'शाखेत चौकशी करावी' असं ठेवा. मग पत्रकात 6.13 असा खोटा दर घालून विचारा. उत्तरात 6.13 आला तर ते वाचतंय. 8.25 आला तर आठवणीतून बोलतंय, आणि ते मॉडेल सभासदांसमोर ठेवू नका.

डिचोलीकर: 2021 च्या आधीची पत्रकं सापडणं कठीण आहे.

फोंडेकर: मग तेवढी पत्रं वगळा. शंभर-दीडशे नीट पत्रंही वळणासाठी पुरतील.

मडगाववाली: कदाचित. वीसेक पत्रं ट्रेनिंगबाहेर ठेवून तपासल्याशिवाय मी मानणार नाही. त्याआधी तीन उत्तम पत्रं नमुना म्हणून सूचनेतच घाला. रुक्षपणा तेवढ्यानेही जाऊ शकतो.

फोंडेकर: ती तीन पत्रं प्रत्येक प्रश्नासोबत जाणार आणि दर वेळी त्यांच्या टोकनांचे, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांचे पैसे पडणार. प्रश्न शेकड्यांनी येत असतील तर फाइन-ट्यूनच परवडेल.

डिचोलीकर: एरवी दिवसाला वीस-पंचवीस येतात. चवथीच्या आधी मात्र ठेवी मोडायला झुंबड उडते, तेव्हाचा हिशेब काढावा लागेल.