मदत हवी आहे: स्वतःच्या दवाखान्याच्या उद्घाटनाचं तीन मिनिटांचं भाषण (इंदूर)

राजेंद्रनगरची_डॉक्टर

नमस्कार. मी एमबीबीएस, आतापर्यंत एका खाजगी रुग्णालयात नोकरी केली. आता राजेंद्र नगरात रस्त्याला लागून दोन खोल्यांचा स्वतःचा दवाखाना सुरू करतेय. उद्घाटन रविवारी सकाळी आहे. माझे कॉलेजातले सर फीत कापणार आहेत. पन्नास-साठ माणसं येतील. त्यांतली निम्मी मराठी, बाकीचे शेजारी, घरमालक आणि बाजूचे मेडिकलवाले हिंदी बोलणारे.

मला चार शब्द बोलायचे आहेत आणि ते नीट बोलायचे आहेत. ज्यांनी मदत केली त्यांचे मनापासून आभार मानायचेत आणि इथे काय मिळेल ते लोकांना कळायला हवं. मसुद्यातला मधला भाग देते:

"माझे आईवडील, सासूबाई-सासरे, मिस्टर, माझे सर, बँकेचे मॅनेजरसाहेब, सुतारकाम करणारे, रंगारी, ज्यांनी मला पेशंट पाठवायचं कबूल केलं ते बाजूचे मेडिकलवाले आणि लॅबवाले, या सगळ्यांचे आभार. समोर बसलेल्या काकूंची साखर तीनशेवरून एकशेवीसवर आली, तेव्हाच मला वाटलं की आपला दवाखाना काढावा. इथे सर्व आजारांवर खात्रीशीर उपचार होतील. आपली कृपा असू द्या, येत राहा."

असं सगळं मिळून दोन पानं झालंय. काय कापू? आणि हिंदीत किती बोलू? सगळं दोनदा सांगितलं तर लोक कंटाळतील.

पोहेवाला_पश्चिमपुरी

अभिनंदन ताई! मुहूर्त बघितलात का? आमच्या दुकानाच्या वेळी गुरुजींनी सकाळी साडेसातचा दिला होता, पाहुणे आले साडेनऊला. तुम्ही पूजा घरच्यांपुरती आधी उरकून घ्या आणि पत्रिकेवर पाहुण्यांची वेळ वेगळी छापा. आणि पोहे-जलेबी भाषणाच्या आधी उघडू नका, एकदा प्लेट हातात आली की कोणी ऐकत नाही.

राजेंद्रनगरची_डॉक्टर

पत्रिका छापून झाल्यात, पूजा आठला आणि पाहुणे दहाला असंच ठेवलंय. पोह्यांचं मात्र लक्षात ठेवते. प्रश्न भाषणाचा आहे.

कायदा_वाचणारा

मॅडम, सावध राहा. डॉक्टरला जाहिरात करायला बंदी आहे. भाषणात वेळ, फी, पत्ता काहीच सांगू नका, तक्रार होऊ शकते. फक्त आभार माना आणि बसा.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर

वरच्या सूचनेतलं अर्धं बरोबर आहे. आपल्याला लागू असलेले 2002 चे व्यावसायिक आचारनियम स्वतःची टिमकी वाजवून रुग्ण ओढायला मनाई करतात. पण नवीन व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायला आणि फी जाहीर करायला त्याच नियमांत मुभा आहे, उलट दवाखान्यात फी लावून ठेवायला सांगितलंय. 2023 मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले. म्हणजे वेळ, सुटी, फी, काय बघता आणि काय बघत नाही, हे बिनधास्त सांगा. लोक त्यासाठीच उभे असतात.

अडचणीची वाक्यं तुमच्या मसुद्यात दुसरीच आहेत, आणि तीन आहेत.

पहिलं काकूंचं. त्या समोर बसल्या असतील, त्यांना कौतुकही वाटेल, पण त्यांची साखर किती होती हे साठ लोकांना सांगायचा अधिकार आपल्याला नाही. त्यात शेजारपाजार! ज्याला आपलं दुखणं गुप्त ठेवायचंय असा माणूस हे ऐकून मनात ठरवतो, की इथे यायचं नाही. पूर्ण काढा, नाव न घेताही ठेवू नका. राजेंद्र नगरात कोणाच्या काकू ते लगेच ओळखतात.

दुसरं मेडिकलवाले आणि लॅबवाल्यांचं. तुमच्या मनात काही वावगं नसेल, पण ऐकणाऱ्याला देवाणघेवाण ठरल्यासारखं वाटतं, आणि रुग्ण पाठवण्याबद्दल देणंघेणं नियमांत चक्क निषिद्ध आहे. त्यांचे आभार शेजारी म्हणून माना. जिना वापरू दिला असेल, वीज नसताना इन्व्हर्टरची तार दिली असेल, जे खरं असेल ते बोला.

तिसरं "सर्व आजारांवर खात्रीशीर". हे काढा. त्याजागी काय बघता ते सांगा.

बडोद्याहून_मावशी

मी दांडिया बाजारात राहते. माझ्या भाच्याने दातांचा दवाखाना काढला तेव्हा मीच सूत्रसंचालन केलं होतं, म्हणून थोडं सांगते. अगं, फीत कापायच्या आधी बोल. फीत कापली की सगळे खुर्ची, मशीन, बाथरूम बघायला आत घुसतात, आणि दोन खोल्यांत साठ माणसं मावत नाहीत, म्हणजे निम्मे रस्त्यावरच राहतात. भाच्याने फितीनंतर बोलायला घेतलं, तर बाहेरच्यांना ऐकू येईना आणि आतले आपसात बोलत होते. माणसं दारासमोर उभी असतात, फीत अजून अखंड असते, तेवढीच वेळ तुझी.

आणि आभारांची यादी ऐकताना माणूस आपलं नाव येतंय का तेवढंच बघतो. दहा नावं घेतलीस की अकरावा रुसतो. म्हणून नाव फक्त सरांचं घे, बाकीचे गटाने: घरचे, कारागीर, शेजारी. पण प्रत्येक गटाला एक खरी गोष्ट जोड. भाच्याने सुताराला म्हटलं होतं, "खुर्चीचा पाया बसेना म्हणून यांनी रात्री येऊन फरशी पुन्हा काढली." तो सुतार मागे उभा होता, सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. नुसतं "कारागिरांचे आभार" म्हटल्याने असं होत नाही.

कायदा_वाचणारा

@निवृत्त_फॅमिली_डॉक्टर फीबद्दल माझी माहिती अपुरी होती, धन्यवाद. पण मोठा फलक आणि झगमगाट नको, हे तर बरोबर ना?

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर

ते बरोबर. अवाजवी मोठा फलक त्याच नियमांत अयोग्य म्हटलाय.

डॉक्टर, आणखी एक. "येत राहा" दुकानात शोभतं, दवाखान्याच्या दारात नको. कोणी आजारी पडावं असं आपण म्हणतोय, असा अर्थ वयस्कर माणसं लगेच काढतात. सरांनाही आधी सांगून ठेवा, पाहुणे हमखास "दवाखाना खूप चालो" म्हणून जातात.

लांबीचं म्हणाल तर सावकाश बोललं की मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटं म्हणजे साडेतीनशेच्या आत. उभ्या लोकांसमोर मी तर अडीचशेवर थांबेन. घरी मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा, मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

ग्वाल्हेरचा_निवेदक

भाषेबद्दल बोलतो, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कार्यक्रमांत हाच प्रश्न असतो. सगळं दोनदा सांगू नका. वाटून घ्या. भावना मराठीत, माहिती हिंदीत. आभार मराठीत मानले तरी हिंदी माणसाला सूर कळतो, तो वाईट वाटून घेत नाही. पण वेळ आणि सुटी त्याला कळलीच पाहिजे, आणि मराठी माणसाला हिंदी येतंच. फक्त घरमालक-शेजाऱ्यांचं वाक्य त्यांच्याकडे बघून हिंदीत म्हणा. भाषा बदलताना श्वासभर थांबा, नाहीतर लोकांना पहिले चार शब्द कळत नाहीत, आणि तेच तर वेळेचे असतात.

गुडघेदुखी_इंदूर

डॉक्टर, रविवारी आलो तर गुडघा दाखवता येईल का? एक्स-रे आहे जवळ.

राजेंद्रनगरची_डॉक्टर

काका, रविवारी गर्दीत नीट तपासता येणार नाही. सोमवारी सकाळी एक्स-रे घेऊन या, निवांत बघते.

सगळ्यांच्या सूचना घेऊन पुन्हा लिहिलं. मोठ्याने वाचलं तर दोन मिनिटांच्या आत बसतंय:

"नमस्कार. उन्हात उभे आहात, म्हणून थोडंच बोलते.

सर, तुम्ही मला शिकवलंत की रुग्ण बोलत असताना लिहायचं नाही, आधी ऐकायचं. इथे टेबलावर मी तेच करणार आहे. आज तुम्ही आलात, मला खूप बळ आलं.

आईबाबा आणि सासरची माझी माणसं: नोकरी सोडते म्हटल्यावर एकानेही 'कशाला' विचारलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या ठेवीची पावती माझ्या हातात दिली. हे मी विसरणार नाही.

ज्यांनी ही जागा उभी केली ते कारागीर मागे उभे आहेत. दाराशी उंबरठा नको, चाकाची खुर्ची आत आली पाहिजे, असं मी म्हटलं, आणि यांनी बसवलेला उंबरठा काढून उतार केला.

अब हमारे पड़ोसियों से: महीनों ठोक-पीट चली, आपने एक बार भी नहीं टोका। आप सबकी आभारी हूँ।

दवाखाना कल से खुलेगा। सुबह दस से एक, शाम छह से नौ। रविवार बंद। बुखार, खाँसी, शुगर, बीपी, बच्चों-बड़ों की रोज़ की तकलीफ़ें मैं देखूँगी। फ़ीस दरवाज़े पर लिखी है। भर्ती और डिलीवरी यहाँ नहीं होगी। छाती में दर्द हो या साँस फूले, तो मेरा इंतज़ार न करें, 108 पर फ़ोन करें और सीधे बड़े अस्पताल जाएँ।

सर, आता फीत आपल्या हाताने कापावी. आणि मग सगळ्यांनी पोहे घेतल्याशिवाय जायचं नाही."

यात एकच वाक्य घरात अडलंय. सासूबाई म्हणतात, शुभदिवशी छातीत दुखण्याचं कशाला काढतेस? मला ते ठेवायचंय.

बडोद्याहून_मावशी

उंबरठ्याचं छान झालंय गं. छातीत दुखण्याचं मात्र सासूबाईंचं ऐक. सणासुदीच्या तोंडावर असं बोलत नाहीत. तेच वाक्य दारावर फीच्या पाटीखाली लिही, रोज दिसेल.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर

माझं मत उलट आहे. माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ छातीत कळ येऊनही मी येईपर्यंत बाकावर बसून राहिले होते, कारण "आपले डॉक्टर" येणार होते. ओळखीच्या दवाखान्यात हाच धोका असतो, माणसं विश्वासापोटी थांबतात. बंद दवाखान्याची पाटी वाचायला रात्री कोणी येत नाही, रविवारी साठ माणसांनी कानाने ऐकलेलं घरोघर पोचतं. ठेवा.

ग्वाल्हेरचा_निवेदक

ठेवायचं असेल तर शब्द जरा हलवा. दुखण्यापासून सुरुवात करू नका. "रात में कोई बड़ी तकलीफ़ हो तो मेरा इंतज़ार न करें, 108" एवढंच म्हणा. सासूबाईंनाही चालेल.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर

"बड़ी तकलीफ़" मोघम झालं. प्रत्येकाला आपली कळ गॅसचीच वाटते. छाती आणि श्वास हे दोन शब्द हवेतच.

राजेंद्रनगरची_डॉक्टर

दोघांचं पटतंय. आज संध्याकाळी सासूबाईंना समोर बसवून दोन्ही प्रकारे वाचून दाखवते. तोवर कोणाला तिसरा मार्ग सुचला तर सांगा, भाषणाचं कार्ड शनिवारी रात्री मोठ्या अक्षरात छापायचंय.