ग्रेडियंटला 'उतार' म्हणायचं का?

खोडरबर: पदवीच्या एका पाठाचं भाषांतर करतोय. टेकडीचा समोच्च रेषांचा नकाशा दिलाय आणि त्यावरून आंशिक विकलज व ग्रेडियंट समजावलेत. मी ग्रेडियंटला 'उतार' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: 'बाण डोंगर चढतोय आणि तुम्ही उतार काय म्हणता?' पण भूगोलात आपण 'टेकडीचा उतार' म्हणतो, चढणारा असला तरी! काय लिहू?

शुद्धमती: प्रवणता. शब्द तयार असताना शोधाशोध कशाला?

काटकोन: बाईंचं बरोबर आहे. भूगोलातला उतार नुसता आकडा असतो, दिशा वेगळी सांगावी लागते. ग्रेडियंटमध्ये दोन्ही एकत्र येतात आणि त्याची दिशा नेहमी चढाची. 'उतार' लिहिलंत की वाचणारा बाण उलटा काढणार.

पायवाट: म्हणजे बाण शिखराकडे जातो, एवढंच ना?

काटकोन: नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. टेकडी लांबट असेल तर बाण जवळच्या धारेकडे जाईल, शिखर भलतीकडे राहील. बाणाला शिखराचा पत्ता नसतो. आपण उभे आहोत त्या समोच्च रेषेला तो काटकोनात असतो. शिवाय तो नकाशाच्या कागदावर आडवा असतो, टेकडीच्या अंगाला चिकटलेला नसतो.

आकडे घेऊ. रेषा दर २० मीटर उंचीला आहेत आणि तुम्ही १४०च्या रेषेवर उभे आहात. तोंड पूर्वेला करून नाकासमोर चाललात, तर नकाशावर ७५ मीटरनंतर १६०ची रेषा लागते. म्हणजे मीटरमागे ०.२७ चढ. मूळ जागी परत येऊन उत्तरेला चाललात, तर तीच रेषा १०० मीटरवर: ०.२. हे दोन आंशिक विकलज. आता पूर्वेला ०.२७ आणि उत्तरेला ०.२ असा बाण काढा. त्याची लांबी वर्गांच्या बेरजेचं मूळ, म्हणजे साधारण ०.३३. पडताळा पट्टीनं घ्या. एवढ्या तुकड्यात रेषा सरळ आणि समांतर धरल्या, तर तुमच्यापासून १६०च्या रेषेचं सर्वांत कमी अंतर ६० मीटर भरतं. २०ला ६०नं भागा, तोच आकडा.

खोडरबर: पाठातल्या एका सोडवलेल्या उदाहरणात दोन्ही आकड्यांची चक्क बेरीज केलीय! तुमच्या आकड्यांत ०.४७ येईल.

काटकोन: मग १६०ची रेषा जेमतेम ४३ मीटरवर लागायला हवी. सर्वांत जवळची जागाच ६०वर आहे. पट्टी लावली असती तर तिथंच कळलं असतं.

शब्दवेल्हाळ: दोष 'आंशिक'चा आहे! अंश अंश मिळून पूर्ण होतं, म्हणून बेरीज करावीशी वाटतेच. खरं तर यात 'अंश' कशाचाच नाही, आपण फक्त एकाच दिशेला हललो आणि दुसरी धरून ठेवली. 'एकदिश विकलज' म्हणावं.

शुद्धमती: आणि मग कुठल्याही तिरक्या दिशेच्या विकलजाला काय म्हणाल? उगाच रुळलेला शब्द मोडू नका.

शब्दवेल्हाळ: रुळलेलं म्हणता, तर तुमच्या 'प्रवणता'चंही बघू. संस्कृतात 'प्रवण' म्हणजे खाली झुकलेलं, जिकडे पाणी वाहील ती बाजू. म्हणजे शुद्ध शब्दही उताराचाच! मूळ लॅटिन 'ग्रेडस' तर नुसतं पाऊल, त्याला ना चढ ना उतार.

शुद्धमती: 'अपघातप्रवण' म्हणताना कोण खाली झुकतं? अर्थ सरकतात.

शब्दवेल्हाळ: मग 'उतार'चाही सरकू द्या की.

डोंगरवेडा: पाण्याचं निघालंच म्हणून. आम्ही एकदा धुक्यात रस्ता चुकलो, तर एक दादा म्हणाले, ओहोळ धरा, तो खाली नेतोच. नेलं की! थेट कड्याच्या तोंडाशी. नकाशावर रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, पण बघितलंच नाही कुणी.

काटकोन: तुमचा ओहोळ ग्रेडियंटच्या बरोबर उलट चालला होता, सर्वांत तीव्र उताराची वाट. चिकटलेल्या रेषा म्हणजे लांब बाण. एक सांगून ठेवतो: दोन रेषांच्या मधे काय आहे ते नकाशा सांगत नाही. ७५ मीटरांतला अर्धा भाग सपाट आणि पुढं भिंत असेल, तरी माझा आकडा ०.२७च येणार. विकलज त्या बिंदूचा असतो, हा निघाला सरासरीचा.

पायवाट: शाळेत 'रेषेचा चढ' शिकलो होतो. 'चढ'च का नको?

काटकोन: मला आवडतो, पण तो आकडा झाला. बाणासाठी 'चढदिशा' म्हटलं तर लांबी हरवते.

शुद्धमती: 'चढदिशा'! आणि अनेकवचन काय करणार, चढदिशाच?

खोडरबर: बाईंचा नवा शेरा आलाय: 'समोच्च रेषा' नको, 'समोच्चतादर्शक रेषा' करा. पाठात हा शब्द पानोपानी आहे हो!

शब्दवेल्हाळ: अहो, उंची दाखवणारी रेषा समोच्च असते, तिनं समोच्चता कशाला दाखवायची? थांबा, यावर लिहितो.