उरलेल्या खरखरीबद्दल

«कॅसेटवरची सगळी खरखर काढता येत असताना नातीने ती अर्धीच का काढली, हे कथेत पटत नाही.»

मला तर तो निर्णय कथेतला सर्वांत खरा भाग वाटला. कॅसेटची खरखर मुख्यतः उच्च कंपनसंख्यांमध्ये जाणवते आणि ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चार व दोन ओळींमधला श्वासही तिथेच असतात; म्हणून एकाला हात लावला की दुसऱ्याला धक्का लागतोच. माझ्या आजीच्या अंगाईवर काम करताना मी गाणे सुरू होण्यापूर्वीचा, नुसती खरखर असलेला सेकंदभराचा तुकडा नमुना म्हणून घेतला आणि खरखर 24 डेसिबलने उतरवली. मागची बाजू शांत झाली, पण आजी पाण्याखालून गात असल्यासारखी वाटू लागली आणि ओळीच्या शेवटी हळूहळू विरणारा तिचा सूर मध्येच तुटू लागला.

Audacity या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये खरखर कमी करणाऱ्या Noise Reduction च्या खिडकीत Residue निवडल्यास जे काढून टाकले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. ते ऐकले, तेव्हा त्या कचऱ्यात ‘सोनुल्या’तला ‘स’ आणि आजीचा श्वास स्पष्ट होता. मग Sensitivity, म्हणजे किती आवाज खरखर मानला जाईल ते, कमी केले आणि प्रमाणही उतरवत 8 डेसिबलवर आले, तेव्हा त्यात केवळ एकसारखी खरखर उरली आणि मी तिथेच थांबले. लेखिकेने नातीला हा टाकाऊ भाग एकदा ऐकवला असता, तर तिचे थांबणे तुम्हालाही पटले असते, असे मला मनापासून वाटते.