भाचीचे पत्र आणि तिसऱ्या वर्षानंतरचा प्रश्न

माई:
सप्रेम नमस्कार. आपल्या मंडळाच्या जुन्या यादीवरून कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या भाचीने चार ज्येष्ठांना एकच मेल पाठवला. चौघांचे पत्ते एकाच ओळीत होते, सोबत सगळ्या गुणपत्रिका होत्या आणि खाली एवढेच, ‘कृपया मार्गदर्शन करावे.’ तीन आठवडे झाले, कोणाचेही उत्तर नाही. ती बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या सहाव्या सत्रात आहे आणि तीन वर्षांवर पदवी घेऊन एम.एस्सी. करावी की चौथे वर्ष ऑनर्सचे करावे, हे तिला ठरवायचे आहे. आता पुन्हा कोणत्या तोंडाने लिहावे?

अण्णा:
चौथे वर्ष म्हणजे सरळसरळ एक वर्ष वाया. आम्ही शिवाजी विद्यापीठात तीन अधिक दोन असेच शिकलो. मेल कसले करता, तिने विभागात जाऊन सरांना वेळ विचारावी आणि समोर बसून बोलावे.

चिटणीस:
ती यादी शिष्यवृत्तीच्या कामापुरती होती. पत्ते वापरण्यापूर्वी कार्यकारिणीला विचारायला हवे होते, हे मागेही झाले आहे.

ताई:
समक्ष भेटण्याबाबत अण्णांचे बरोबर आहे, वर्ष वाया जाण्याबाबत नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते, म्हणजे दोन्ही वाटांनी पाचच वर्षे. मात्र संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणून तिने आधी जिथे चौथे वर्ष सुरू झाले आहे अशा ठिकाणची, त्याच विषयाची विद्यार्थिनी शोधावी. जुन्या क्रमात शिकलेल्या आम्हा मंडळींना त्यातले अडथळे ठाऊक नाहीत.

चौघांना एकत्र लिहिले की प्रत्येकाला वाटते, दुसरा उत्तर देईल. एकीलाच लिहावे: ‘ताई, आपले नाव आमच्या विभागप्रमुखांनी सुचवले. चौथ्या वर्षी आपल्याला प्रकल्पासाठी मार्गदर्शक कसे मिळाले आणि आठवड्यात प्रयोगशाळा किती वेळ मिळते, एवढेच विचारायचे आहे. रविवारी पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का?’ गुणपत्रिका मागितल्यावरच पाठवाव्यात. दहा दिवसांत उत्तर नाही आले, तर एकदाच आठवण करावी.

आक्का:
अनोळखी मुलीने पहिल्याच ओळीत ‘ताई’ म्हणावे? माझ्या मुलाने येथे परदेशात प्राध्यापकांना नुसत्या नावाने हाक मारली, तेव्हा मला दोन दिवस झोप लागली नव्हती.

अण्णा:
‘सर’, ‘मॅडम’ हेच बरे. पण एका वर्षाची एम.एस्सी. कोल्हापुरात तिच्या विषयात मिळते का, ते कोणी सांगेल का? नसेल, तर माझे म्हणणे उभेच आहे.

ताई:
तो प्रश्न विद्यापीठाच्या विभागातच विचारावा लागेल, आणि तेथे मात्र ‘सर’ म्हणावे.

माई:
चिटणीसांची क्षमा मागते. चौघांनाही ती स्वतंत्रपणे दिलगिरीचे दोन शब्द लिहील. पाच सत्रांची तिची सरासरी ७३.६ निघाली. सर्व सत्रे सारखी धरली, तर ७५ गाठायला सहाव्यात ८२ हवेत, आणि आजवर तिला ७७ च्या वर कधी मिळालेले नाहीत. संशोधनाविना नुसत्या ऑनर्सचे चौथे वर्ष करण्यात काही हशील आहे का, हे सांगू शकेल असे कोणी ओळखीत आहे का?