मासे आणि दूध-दही: अंगावर कोड उठतं का?

माशाचं जेवण झालं की वर दूध नको, ताक नको, अंगावर कोड उठेल, असं घरोघरी बजावतात. हे कुठून आलं आणि त्यात किती तथ्य आहे? ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे, त्यांनी सविस्तर लिहावं.

वैद्य, पुणे
मूळ चरकसंहितेत सापडतं, सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात. गंमत म्हणजे तिथे वाद आहे. भद्रकाप्य म्हणतो, चिलिचिम सोडून सगळे मासे दुधाबरोबर चालतील. हा चिलिचिम खवल्यांचा, लाल डोळ्यांचा, अंगभर लाल रेषा असलेला. आत्रेय म्हणतात, नाही, कोणताच मासा दुधाबरोबर खाऊ नये, आणि चिलिचिम तर मुळीच नको. दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासा उष्ण, म्हणून रक्त बिघडतं असं कारण दिलंय. विरुद्ध आहाराने होणाऱ्या रोगांच्या यादीत कुष्ठ आणि किलास आहेत, आणि किलास म्हणजेच आपलं कोड. पुढे असंही म्हटलंय की तरुण, व्यायाम करणाऱ्या, अग्नी चांगला असलेल्या माणसाला, किंवा थोडंच खाल्लं तर, हे बाधत नाही. लोकांनी पहिला भाग धरला, हा सोडला.

मालवण
मग सोलकढीचं काय? तीही दुधाचीच. आमच्याकडे माशाच्या ताटात ती नसेल तर जेवण पुरं होत नाही.

वैद्य, पुणे
सोलकढीत नारळाचं दूध असतं, चरकाचा वाद गाईम्हशीच्या दुधाचा आहे. दह्याचं नावही त्या वादात नाही. दही नंतर कधीतरी लोकांनी त्यात जोडलं असावं.

मासळी व्यापार, रत्नागिरी
बांगडा, सुरमई, कुपा, तारली खाऊन अंग लाल होणं, खाज सुटणं, तोंड तापणं, डोकं दुखणं हे खरंच घडतं, पण त्यात दुधाचा काही हात नाही. हे मासे उन्हात किंवा बर्फाविना पडले की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं. शिजवलं, तळलं तरी ते जात नाही. मासा दिसायला, वासाला ठीक असू शकतो, कधी जिभेला तिखट चुरचुर लागते तेवढीच खूण. लक्षणं काही मिनिटांपासून तासाभरात दिसतात, बहुतेकांची दिवसभरात उतरतात. त्याच जेवणात ताकाचा पेला असेल तर दोष ताकावर जातो. उपाय एकच: मासा पाण्यातून निघाल्यापासून जितका मासा तितका बर्फ. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ४ अंशांखाली, आणि ओट्यावर तासन् तास ठेवायचा नाही. एकदा हिस्टामीन झालं की नंतर गोठवूनही उपयोग नाही.

नाशिक
म्हणजे दूध-मासे एकत्र खाल्ल्याने ॲलर्जी होते हे खरंच निघालं की.

त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर
अर्धंच. काहींना माशाची ॲलर्जी असते, काहींना दुधाची. ज्याला ज्याची असेल, त्याला ते एकटं खाल्लं तरी गांधी उठतात. जोडीमुळे नवीन काही तयार होत नाही. कोड तर वेगळंच प्रकरण आहे. शरीराचीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशी मारते. घराण्यात असणं, थायरॉइडचा आजार असणं यांचा त्याच्याशी संबंध आहे. जेवणात दूध-मासे एकत्र आले म्हणून कोड झाल्याचा पुरावा नाही.

कोलकात्यात स्वयंपाकाचा व्यवसाय
बंगालात दोई माछ दह्यातच शिजतो. अर्धा किलो रोहूला दीडशे ग्रॅम घट्ट दही, आंबट नको. फेटून, आच मंद करून घालायचं, नाहीतर फुटतं आणि रस्सा दाणेदार होतो. लग्नाकार्यात पिढ्यान्‌पिढ्या हे खातात.

संभाजीनगर
माझ्या मुलाच्या गालावर फिकट डाग आलेत, आठ वर्षांचा आहे. गेल्याच आठवड्यात कोळंबी आणि दही खाल्लं होतं. सासूबाई म्हणतात तेच कारण. आता काय बंद करू?

त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर
आधी डाग पाहा. पांढराशुभ्र खडूसारखा, कडा स्पष्ट, पापुद्रा नाही, तर कोडाची शंका येते. हलकं खरवडून भुसा निघाला तर बहुधा शिबं, ते बुरशीचं असतं. गालावरचे पुसट, कोरडे डाग या वयात बरेचदा साधेच असतात आणि पुढे जातात. फिकट डागावर हलका कापूस फिरवला आणि त्याला कळलंच नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करायची. सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं. अन्न बंद करण्यापेक्षा एकदा डॉक्टरांना दाखवा.

मासळी व्यापार, रत्नागिरी
कुष्ठरोगाचं नाव निघालंच आहे तर, जोनाथन हचिन्सन हा इंग्रज डॉक्टर नासका मासा खाल्ल्याने कुष्ठरोग होतो असं मांडत होता. १९०६ साली त्याचं पुस्तकही आलं. हॅनसेनला जंतू १८७३ सालीच सापडला होता, तरीही. मासा आणि कातडी जोडणारे आपणच नव्हतो.

वैद्य, पुणे
एवढं मान्य. पण त्वचेचा आजार आधीपासून असलेल्याला मी पथ्य म्हणून हे दोन पदार्थ एका जेवणात देणार नाही. तुम्ही म्हणाल पुरावा कुठे.

त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर
विचारणारच. पथ्यापायी मुलाचं दूध तोडू नका, एवढंच माझं म्हणणं.